गोकाक : गाव की गृहस्थ?

कोल्हापूरच्या दक्षिणेस, घटप्रभा नदीच्या काठी, बेळगाव जिल्ह्यात गोकाक नावाचे गाव आहे. तेथील धबधबा, धबधब्याजवळील सूतगिरणी, लाकडी खेळणी आणि करदंट हे सारे कोल्हापूरकरांच्या परिचयाचे आहे. त्याचबरोबर विनायक कृष्ण गोकाक या नावाचे एक थोर कन्नड साहित्यिक होऊन गेले. १९५० च्या सुमारास ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि त्यापूर्वी सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातही त्यांनी काम केले होते. पुढे त्यांना ज्ञानपीठ पुरस्काराचा मान मिळाला. त्यामुळे कोल्हापूर परिसरातील एखाद्या जुन्या कागदात, वृत्तान्तात किंवा नोंदवहीत 'गोकाक' एवढाच शब्द आला, तर तो गावासाठी आहे की गृहस्थांसाठी, हा प्रश्न वाचणाऱ्यापुढे खरोखरच उभा राहतो.

हा प्रश्न मराठी मुलखात अन्यत्र फारसा पडत नाही, याचे कारण मराठी आडनावांच्या घडणीत आहे. गावावरून आडनाव घेताना मराठी माणूस गावाच्या नावास बहुधा 'कर' हा प्रत्यय जोडतो. पलूस हे गाव आणि पलुसकर हे आडनाव. विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म कुरुंदवाडचा; घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ; परंतु पलूसशी असलेल्या संबंधामुळे ते पलुसकर झाले. मंगेशी आणि मंगेशकर यांचे नातेही असेच आहे. या एका प्रत्ययामुळे गाव आणि कुटुंब यांच्यामध्ये जणू कुंपण घातले जाते, व वाचकाला विचार करण्याचे कारण उरत नाही.

कर्नाटकाच्या उत्तर भागात मात्र रीत निराळी आहे. तेथे गावाचे नाव कोणताही प्रत्यय न लावता, जसेच्या तसे आडनाव म्हणून धारण केले जाते. गोकाक, हुक्केरी, जमखंडी, हनगल, मन्सूर ही सारी गावेही आहेत आणि आडनावेही. कोल्हापूरच्या रसिकांना यांतील दोन नावे विशेष जवळची. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे आडनाव धारवाडजवळील मन्सूर या गावावरून आलेले. त्यांनी गाण्याची तालीम घेतली ती कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादियाखाँ यांच्या पुत्रांकडे, प्रथम मंजीखाँ व नंतर बुर्जीखाँ यांच्याकडे. गंगूबाई हनगल यांचा जन्म धारवाडचा आणि वास्तव्य हुबळीचे. हनगल हे गाव आज हावेरी जिल्ह्यात मोडते. आडनावातील गाव हे जन्मगाव अथवा राहण्याचे गाव असेलच असे नाही, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे. 'हनगल' हा शब्द दिसताच तो पत्ता समजून मोकळे होणारा वाचक म्हणूनच फसतो.

या दोन रीती जेथे एकत्र येतात त्या गडहिंग्लज, चंदगड, कागल, शिरोळ या तालुक्यांच्या कागदपत्रांत सर्वाधिक काळजी घ्यावी लागते. १९५६ पर्यंत बेळगाव, धारवाड व विजापूर हे जिल्हे मुंबई राज्यातच होते आणि कोल्हापूर संस्थानही १९४९ मध्ये त्याच राज्यात विलीन झाले. त्या काळातील शासकीय कागदांत दोन्ही प्रकारची नावे एकमेकांच्या शेजारी नांदताना आढळतात.

मग ओळखावे कसे? पहिला आणि सर्वांत भरवशाचा साक्षीदार म्हणजे मराठीचे विभक्तिप्रत्यय. मराठीत मान्य व्यक्तीचा उल्लेख आदरार्थी बहुवचनाने होतो आणि त्या बहुवचनाची खूण म्हणजे प्रत्ययापूर्वी येणारा अनुस्वार. 'गोकाकांनी', 'गोकाकांचे', 'हुक्केरींना' ही रूपे माणसाची होत. गावाला आदरार्थी बहुवचन नसते. कोणी 'कोल्हापुरांनी' किंवा 'सांगलींचे' असे लिहीत नाही. 'कोल्हापूरने', 'सांगलीचे' असेच लिहितो. 'हनगलांचे गाणे' म्हटले की गंगूबाई आठवतात, आणि 'हनगलचे तारकेश्वर मंदिर' म्हटले की गाव. दोन्हींमध्ये फरक काय तो एका काना-अनुस्वाराचा. 'हुक्केरीस' आणि 'हुक्केरींस' यांत तर तो केवळ एका टिंबाचा आहे. हे टिंब घाईने लिहिणाऱ्याच्या हातून सुटते, शाईच्या डागाखाली लपते किंवा छपाईत गळून पडते, आणि त्याबरोबर माणसाचे गाव होऊन बसते.

दुसरा साक्षीदार म्हणजे स्थळ व हालचाल दाखविणारे प्रत्यय. 'गोकाकात पाऊस झाला', 'गोकाकहून गाड्या आल्या' या वाक्यांतील 'त' व 'हून' हे प्रत्यय गावाकडे बोट दाखवितात. व्यक्तीच्या बाबतीत आपण 'गोकाकांकडे गेलो', 'गोकाकांकडून पत्र आले' असे म्हणतो. तथापि हा नियम डोळे झाकून लावण्याजोगा नाही. 'हून' हा प्रत्यय तुलनेतही येतो. 'गोकाकांहून ज्येष्ठ' या शब्दांत कोणी कोठून येत नाही. उलट 'गोकाककडे जाणारा रस्ता' यातील 'कडे' केवळ दिशा दाखवितो. म्हणून प्रत्ययाबरोबर क्रियापदही पाहावे लागते. जाणे-येणे असेल तर एक अर्थ, मोठेपणा-लहानपणा असेल तर दुसरा.

ज्यांच्यावर विसंबता येत नाही असे प्रत्यय म्हणजे 'ला', 'स' आणि 'चा-ची-चे'. 'गोकाकला कळविले', 'गोकाकचे पत्र मिळाले' या वाक्यांत गावही बसते आणि माणूसही. विशेषतः समवयस्काचा, विद्यार्थ्याचा किंवा खेळाडूचा उल्लेख एकेरी होतो तेव्हा आदरार्थी अनुस्वाराची साक्षही मिळत नाही. अशा ठिकाणी क्रियापदाचा कर्ता कोण होऊ शकतो याचा विचार उपयोगी पडतो. सही करणे, रजेवर जाणे, निवृत्त होणे ही कामे माणसाची. वसणे, पुराने वेढले जाणे, अमुक कोसांवर असणे ही गावाची. येथेही अपवाद आहेच. 'कोल्हापूरने सामना जिंकला' या वाक्यात गाव म्हणजे संघ, आणि 'दिल्लीने परवानगी दिली' यात गाव म्हणजे सरकार. गावाच्या तोंडी माणसाचे क्रियापद घालण्याची ही वृत्तपत्री सवय आता रूढ झालेली आहे, व ती लक्षात ठेवूनच निर्णय करावा लागतो.

प्रत्यय मुळीच नसेल आणि नाव दुसऱ्या शब्दाला चिकटून आले असेल, तर पुढील शब्दाकडे पाहावे. 'गोकाक धबधबा' आणि 'गोकाक तालुका' यांविषयी शंका नाही. परंतु 'गोकाक अहवाल' आणि 'गोकाक चळवळ' यांचे काय? कर्नाटक शासनाने १९८० मध्ये भाषाविषयक प्रश्नासाठी विनायक कृष्ण गोकाक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९८१ मध्ये सादर झाला व शालेय शिक्षणात कन्नडला प्रथम भाषेचे स्थान देण्याच्या त्यातील शिफारशीच्या अंमलबजावणीसाठी १९८२ मध्ये मोठे आंदोलन झाले. ते आंदोलन 'गोकाक चळवळ' या नावाने ओळखले जाते. त्या नावाचा गोकाक गावाशी काहीही संबंध नाही, आणि आंदोलनाचे नेतृत्वही स्वतः गोकाकांनी केलेले नव्हते; ते अभिनेते राजकुमार यांच्या सहभागाने विशेष गाजले. बार्डोली सत्याग्रहाची आठवण असलेला मराठी वाचक 'गोकाक चळवळ' वाचून ती गोकाक गावात झाली असावी असा तर्क करील, तर त्याला फारसा दोष देता येणार नाही.

येथे नाव देण्याच्या प्रथेचा आधार मिळतो. समिती, आयोग आणि अहवाल यांना लोक अध्यक्षाच्या नावाने ओळखतात : नेहरू अहवाल, कोठारी आयोग, महाजन अहवाल. परिषद, करार आणि तह हे जेथे झाले त्या ठिकाणावरून ओळखले जातात : १९२० ची माणगाव परिषद, १९३२ चा पुणे करार, १९५३ चा नागपूर करार. कोल्हापूर जिल्ह्यातील माणगावी झालेल्या त्या परिषदेस राजर्षी शाहू महाराज उपस्थित होते व डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. तरीही नाव राहिले ते गावाचेच. चळवळ आणि सत्याग्रह मात्र दोन्ही बाजूंना झुकतात, म्हणून त्या शब्दांवरून निर्णय करू नये.

कार्यालयीन मराठीने या अडचणीवर फार पूर्वीच तोडगा काढून ठेवला आहे, आणि तो इतका साधा आहे की आपण त्याकडे केवळ जुनी लेखनसवय म्हणून पाहतो. माणसाच्या नावापुढे 'यांनी, यांस, यांचे, यांजकडून' आणि गावाच्या नावापुढे 'येथे, येथील, येथून' असे लिहिण्याची ती पद्धत होय. 'हुक्केरी यांचे पत्र' आणि 'हुक्केरी येथील पत्र' यांत गोंधळाला जागाच नाही. नावाच्या अगोदर येणारे शब्दही असेच कामाचे. 'श्री.' आणि 'श्रीमती' माणसाआधी, 'रा.', 'मु.', 'पो.', 'ता.', 'जि.' आणि 'मौजे' गावाआधी. जुन्या मोडी कागदांत तर शब्दांमध्ये जागा सोडण्याची व विरामचिन्हे देण्याची पद्धत नव्हती. तेथे 'मौजे', 'कसबे' आणि 'राजश्री' हे शब्दच वाचकाला नावाची जात सांगत असत. ज्यांना 'यांनी' व 'येथील' हे शब्द पाल्हाळ वाटतात व जे ते गाळून वाक्य सुटसुटीत करू पाहतात, त्यांनी हा हिशेब अवश्य ध्यानात घ्यावा.

एक नमुना घेऊन पाहू. सीमेलगतच्या एखाद्या ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत नळपाणी योजनेसंबंधी पुढील चार नोंदी लागोपाठ आहेत असे समजा.

'हुक्केरीहून पाइप आणले. हुक्केरीचे बिल मंजूर. हुक्केरीस रु. ४५० अदा. उर्वरित पाइपबद्दल हुक्केरीस कळविणे.'

या नोंदी कल्पित आहेत, परंतु त्यांची भाषा दप्तरांत पदोपदी भेटते. वीस वर्षांनी लेखापरीक्षक किंवा नवा ग्रामसेवक त्या वाचतो, तेव्हा मजूर हुक्केरी या आडनावाचा होता, की पाइप हुक्केरी गावातील दुकानातून घेतले, हे त्याला ठरवावे लागते. पहिल्या नोंदीत 'हून' आहे आणि क्रियापद 'आणले' आहे; तेव्हा ते गाव, याविषयी शंका नाही. तिसऱ्या नोंदीत 'अदा' आहे. पैसे गावाला अदा होत नाहीत. ते माणसाला किंवा पेढीला होतात. म्हणून एक तर येथे हुक्केरी नावाचा कोणी इसम आहे, किंवा 'हुक्केरीच्या दुकानदारास' असे लिहावयाचे असताना दुकानदार गाळला गेला आहे. अनुस्वार असता तर प्रश्न मिटला असता. तो नाही, पण त्याचा अर्थ तो लिहिण्याचा राहून गेला असाही होऊ शकतो. अनुस्वार असणे हा पुरावा आहे. नसणे हा तितका पक्का पुरावा नाही.

दुसरी आणि चौथी नोंद तर केवळ शब्दांवरून सुटतच नाही. येथे वाचक बहुधा असा तर्क करतो की, पहिल्या नोंदीत हुक्केरी हे गाव ठरले, तेव्हा पुढेही तेच असणार. एका कागदात एक नाव एकाच अर्थाने येते, हा अनुभव सर्वसाधारणपणे खरा आहे आणि दहापैकी बहुतेक वेळा तो पार लावतो. परंतु पाइप हुक्केरी गावातून आणणारा मजूरच हुक्केरी आडनावाचा असू शकतो. त्या भागात हे मुळीच अशक्य नाही. या ठिकाणी नोंदवही मिटून दुसरा कागद उघडावा लागतो. खर्च कोणत्या सदराखाली पडला ते पाहावे. 'मजुरी' या सदरात रक्कम असेल तर ती माणसाला मिळाली. 'साहित्य खरेदी' या सदरात असेल तर दुकानाला. पावतीवर सही किंवा अंगठा कोणाचा आहे, दुकानाचा छाप आहे काय, हे पाहावे. शेवटच्या नोंदीसाठी जावक बारनिशीत त्या तारखेच्या पत्राचा पत्ता पाहावा, 'मु. पो. हुक्केरी' असा पत्ता असेल तर दुकानदाराला कळविले, गावातीलच पत्ता असेल तर मजुराला. एवढे सारे शोधण्याचे श्रम मूळ लेखकाने दुसऱ्या नोंदीत 'यांचे' किंवा 'येथील' हा एक शब्द लिहिला असता तर वाचले असते.

'कर' प्रत्ययाचे कुंपणही सर्वत्र शाबूत असते असे नाही, हे सांगितल्याखेरीज हा विषय पुरा होत नाही. 'कोल्हापूरकरांनी २०१९ च्या महापुराला धैर्याने तोंड दिले' या वाक्यात कोल्हापूरकर हे आडनाव नसून शहराचे रहिवासी आहेत. आदरार्थी बहुवचन आणि खरे बहुवचन यांची रूपे मराठीत एकच असल्याने 'कोल्हापूरकरांनी' या रूपावरून एक गृहस्थ की सारे शहर हे कळत नाही. 'सर्व', 'समस्त' असा शब्द मागे आहे काय, किंवा व्यक्तीचे पाळण्यातले नाव आधी येऊन गेले आहे काय, हे पाहावे. संस्थानी कागदांत याला तिसरा अर्थही जोडला जातो. 'इचलकरंजीकर' म्हणजे इचलकरंजीचे जहागीरदार घोरपडे. त्यांचे मूळ घराणे जोशी. मूळ पुरुष नारो महादेव यांनी सेनापती संताजी घोरपडे यांच्याविषयीच्या कृतज्ञतेने घोरपडे हे आडनाव घेतले. आणि 'बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर' म्हणजे पलुसकरांचे गुरू असलेले गायक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या कागदात नुसते 'इचलकरंजीकर' आले तर जहागीरदार, बुवा आणि गावकरी असे तीन दावेदार उभे राहतात. देणगी, नेमणूक, हुकूम यांचा विषय असेल तर जहागीरदार. गाणे, शिष्य, तालीम यांचा असेल तर बुवा, असा विषयावरूनच निवाडा करावा लागतो.

रोमन लिपीतील तक्ते व नकाशे यांच्याविषयी थोडे सांगावयास हवे. पन्हाळा तालुक्यातील कळे हे गाव आणि काळे हे आडनाव देवनागरीत निराळे दिसतात, पण रोमन अक्षरांत दोन्हींची जुळणी एकच होते. शाळेतील मुले असा नकाशा पाहून 'काळे' असे गावाचे नाव वाचतात. अशी नावे देवनागरीत उतरवून घेताना स्थानिक माणसाला विचारावे, हाच त्यावर उपाय.

नावांची सूची करणाऱ्याने मात्र निर्णय झाला नाही म्हणून अंदाजाने एका बाजूला नोंद टाकू नये. व्यक्तीची नोंद 'गोकाक, विनायक कृष्ण' अशी आणि गावाची 'गोकाक, ता. गोकाक, जि. बेळगाव' अशी करावी, म्हणजे दोन्ही नोंदी सूचीत शेजारी आल्या तरी मिसळणार नाहीत. 'गोकाक अहवाल' व 'गोकाक चळवळ' या नोंदी व्यक्तीच्या खाली घालाव्यात. जो उल्लेख प्रत्ययाने, क्रियापदाने, शेजारच्या शब्दाने किंवा सोबतच्या कागदानेही सुटत नाही, त्याचा पृष्ठांक दोन्ही नोंदींखाली द्यावा आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह घालावे. पुढे एखाद्याला जुनी पावती सापडली तर तो त्यांतील एक खोडील.